मुलाचा रात्रीचा खोकला आणि छातीतली शिट्टी: दमा की वारंवार सर्दी? आठ आठवड्यांची नोंदवही कशी ठेवायची आणि कशी वाचायची

लहान मुलांच्या बाह्यरुग्ण विभागात मला दोन्ही टोकांच्या चुका रोज दिसतात. एक मूल दोन वर्षं "सतत सर्दी होते" म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स घेत राहतं आणि शेवटी कळतं की तो दमा होता. दुसऱ्या मुलाला एका सर्दीत छातीत शिट्टी वाजली म्हणून दमेकरी ठरवतात आणि त्याचं धावणं-खेळणं बंद करून टाकतात. दोन्ही घरांत माणसं काळजी घेणारीच असतात. चूक एवढीच होते की सगळे खोकल्याकडे बघतात, खोकला *नसतो* त्या दिवसांकडे कुणी बघत नाही.

सर्दीतला खोकला आणि दम्यातला खोकला ऐकायला सारखाच लागू शकतो. फरक कळतो तो दोन सर्द्यांच्या मधल्या दिवसांत. त्या दिवसांत श्वासनळ्या शांत असतात की अजूनही चिडलेल्या असतात, हा खरा प्रश्न. हे तपासणीच्या दहा मिनिटांत डॉक्टरला दिसत नाही, ते घरी लिहून आणावं लागतं. त्याची रीत खाली टप्प्याटप्प्याने देतो. ती साधारण एक ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या छातीत आवाज असेल तर वही उघडत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा १: वही नंतर, आधी धोका तपासा

मूल आत्ता खोकत असेल, धापत असेल, तर पुढचं काही वाचण्याआधी त्याचा सदरा वर करून छाती बघा. दिवा लावून, नीट. मला काय बघायला हवंय ते सांगतो.

श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी किंवा गळ्याखालचा खळगा आत ओढला जातो का? नाकपुड्या फुलतात का? मूल एका दमात वाक्य बोलू शकतं का, की दोन-तीन शब्दांनी थांबतं? पाणी किंवा दूध पिताना दम लागून मध्येच सोडतं का? ओठ निळसर, राखाडी दिसतात का? मूल गळून गेलंय, झापडतंय का? यातलं एकही असेल तर लगेच रुग्णालय गाठा. जाताना मुलाला बसतं ठेवा, आडवं करू नका. डॉक्टरांनी आधीच आराम देणारा पंप लिहून दिलेला असेल तर तो त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात देत देत निघा. पंपाने आराम पडला, पण तीन-चार तासांच्या आत पुन्हा गरज लागली, तरीही घरी थांबू नका.

> सावधान: जोरात शिट्टी वाजत होती, ती अचानक थांबली, पण मूल तसंच धापतंय आणि मलूल झालंय, तर ते बरं होणं नव्हे. हवा आत-बाहेर जाणंच कमी झालं की आवाजही बंद होतो.

दुसरी तपासणी श्वास मोजण्याची. मूल झोपलेलं किंवा अगदी शांत असताना पोटाकडे बघा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास मध्येच थबकतो आणि आकडा चुकतो. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास हे जलद मानतात, पाच वर्षांपुढे ३० च्या वर. तापातही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. तरीही जलदच असेल तर त्याच दिवशी दाखवा.

बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घरी असेल तर एकच लक्षात ठेवा: आकडा ९२ च्या खाली स्थिर राहिला तर रुग्णालयात जा. पण आकडा चांगला आहे म्हणून ओढल्या जाणाऱ्या बरगड्यांकडे दुर्लक्ष करू नका. मूल हात हलवत असलं की यंत्र चुकतं. छाती चुकत नाही.

## टप्पा २: 'घरघर' म्हणजे नक्की कुठला आवाज, ते ठरवा

पालक येऊन सांगतात, "डॉक्टर, छातीत घरघर होते." हा एकच शब्द चार वेगळ्या आवाजांसाठी वापरला जातो, आणि निम्मा घोळ इथेच होतो.

दम्याशी संबंध असलेला आवाज म्हणजे शिट्टी. बारीक, सुरेल, लांबणारा सूं-सूं आवाज, श्वास सोडताना येणारा. बंद दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा. तो छातीतून येतो. आतल्या बारीक श्वासनळ्या आकसल्या की हवा बाहेर पडताना तो वाजतो.

नाक चोंदलं की येते ती घुरघुर. ती नाकात आणि घशात असते, मुलाने नाक शिंकरलं किंवा नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकले की कमी होते. छातीवर हात ठेवला की हाताला खरखर जाणवते ती बहुतेक वेळा मोठ्या नळ्यांतला कफ हलण्याची. खोकल्यावर ती जागा बदलते किंवा जाते. चौथा आवाज श्वास घेताना येतो, गळ्यातून, कर्कश. सोबत कुत्रा भुंकल्यासारखा खोकला आणि बसलेला आवाज. ती स्वरयंत्राजवळची सूज असते. तिचा दम्याशी संबंध नाही. मूल शांत बसलेलं असतानाही हा आवाज येत असेल तर तातडीने न्यायला हवं.

हे सगळं शब्दांत सांगण्यापेक्षा मोबाइलवर चित्रीकरण करा, आणि तेही नीट करा. दूरचित्रवाणी, पंखा बंद. सदरा काढलेला. चेहरा आणि पोट दोन्ही दिसतील इतकं अंतर. एक मिनिट, हात न हलवता. नंतर तीस सेकंद मोबाइल तोंडाजवळ धरून फक्त आवाज. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच चित्रफितींत आई "बघा ना, कसा आवाज येतोय" म्हणत असते आणि तो आवाज तिच्या बोलण्याखाली दबून जातो. त्या एका मिनिटात कुणी बोलू नका.

> तपासा: चित्रफीत स्वतः पुन्हा ऐका. पोट खाली जाताना आवाज येतो की वर येताना? खाली जाताना म्हणजे श्वास सोडताना. हे एक उत्तर लिहून ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

शिट्टी कधीच ऐकू आली नाही, डॉक्टरांनाही नाही, आणि नुसता कोरडा खोकलाच आहे, तर दम्याची शक्यता बरीच कमी होते. नुसत्या खोकल्याचा दमा मुलांमध्ये असू शकतो, पण क्वचित.

## टप्पा ३: आठ आठवड्यांची वही

दोन-तीन आठवडे पुरत नाहीत. कारण एका साध्या सर्दीचा खोकलाच दोन आठवडे चालतो. दर दहा मुलांतल्या नऊ जणांचा खोकला थांबायला साडेतीन आठवडे लागू शकतात. त्यामुळे वहीत निदान एक पूर्ण सर्दी आणि तिच्यानंतरचे मोकळे दिवस यायला हवेत.

इथेच एक हिशेब करून बघा. बालवाडीच्या वयात वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं नेहमीचं आहे. आठ सर्द्या, प्रत्येकीचा खोकला पंधरा दिवस, म्हणजे १२० दिवस. वर्षाचा एक तृतीयांश भाग निरोगी मूल खोकत असतं! त्यातही सर्द्या काही महिन्यांत दाटीने येतात, म्हणून त्या काळात "हा कायमच खोकतो" असं वाटणं अगदी साहजिक आहे. वाटण्यावर निदान करू नये म्हणून वही.

एका दिवसाला एक ओळ, सहा रकाने:

1. नाक: वाहतंय / चोंदलंय / कोरडं. ताप असेल तर किती.
2. रात्र: खोकून जाग आली का, किती वाजता.
3. दिवस: धावल्यावर, हसल्यावर, रडल्यावर खोकला किंवा धाप आली का.
4. आवाज: शिट्टी ऐकू आली का.
5. खोकला: कोरडा की ओला.
6. औषध: काय दिलं, किती वाजता, वीस मिनिटांनी फरक पडला का.

पहिला रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि तोच लोक सोडून देतात. नाकाची नोंद नसेल तर सर्दी कुठे सुरू झाली, कुठे संपली हेच कळत नाही. मग मधले दिवस कुठले?

लिहायची वेळ सकाळची ठेवा, मूल उठल्यावर लगेच. आठवड्याच्या शेवटी आठवून भरलेली वही मला ओळखू येते. त्यात सगळ्या रात्री सारख्या असतात.

### रात्रीच्या रकान्याबद्दल थोडं जास्त

रात्रीच्या खोकल्याची वेळ लिहा, ती फार बोलकी असते. झोपायला आडवं केल्यावर अर्ध्या तासात खोकला सुरू होतो आणि मग मूल शांत झोपतं, तर बहुतेक वेळा नाकातलं पाणी घशात उतरत असतं. मूल आधी छान झोपतं आणि पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान खोकून उठून बसतं, तर दम्याचा विचार करावा. श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारी शरीरातली संप्रेरकं त्या वेळी कमी असतात. दिवसभर दर मिनिटाला खोकणारं मूल झोप लागताच पूर्ण थांबतं, सकाळी उठल्यावर पुन्हा सुरू, तर तो सवयीचा खोकला असू शकतो. त्याला ना पंप लागतो, ना अँटिबायोटिक.

मूल दुसऱ्या खोलीत झोपत असेल तर मधल्या मोकळ्या दिवसांतल्या तीन रात्री मोबाइलवर आवाज मुद्रित करा. पालकांना रात्रीचा खोकला कधी ऐकूच येत नाही, तर कधी एकदाच ऐकून "रात्रभर खोकत होता" असं वाटतं. दोन्ही होतं.

> नेहमीची चूक: वही चालू असताना एकदम सगळं बदलणं. गादी बदलली, पाळीव प्राणी बाहेर ठेवला, नवं सिरप सुरू केलं, एकाच आठवड्यात. मग बरं वाटलं तरी कशाने, ते कळत नाही. अपवाद एकच: घरात कुणी धूम्रपान करत असेल तर ते आजच बंद करा, वहीसाठी थांबू नका. दुसऱ्या खोलीत किंवा खिडकीजवळ ओढूनही धूर मुलापर्यंत पोचतो.

## टप्पा ४: वही वाचायची कशी

आठ आठवडे झाले की दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. नाक वाहत होतं त्या दिवसांवर एक रंग. खोकला, शिट्टी किंवा धाप होती त्या दिवसांवर दुसरा. आता तीन प्रश्न.

एक: नाक कोरडं झाल्यावर खोकला किती दिवस चालला? छातीची लक्षणं दहा दिवसांच्या आत आटोपत असतील तर ते सर्दीच्या बाजूचं. दर वेळी दहा दिवसांच्या पुढे लांबत असतील तर दम्याकडे कल.

दोन: वर्षात असे छातीचे प्रसंग किती? यासाठी जुनी कागदपत्रं काढा. वर्षाला दोन-तीन म्हणजे कमी, त्याहून जास्त म्हणजे संशय वाढतो. एखादा प्रसंग इतका जोराचा होता का की दाखल करावं लागलं, तेही लिहा.

तीन: सर्दी आणि तिचा खोकला सरल्यावरचे, नाकाचा रंग नसलेले सलग दिवस किती, आणि त्या दिवसांत पहाटेचा खोकला, धावल्यावरची धाप, हसताना आलेली उबळ आहे का? तिन्हींतला हा सगळ्यांत जड प्रश्न. मधले दिवस खरोखर स्वच्छ असतील तर मूल बहुतेक फक्त विषाणूंच्या सर्दीतच आकसणाऱ्या नळ्यांचं आहे, आणि अशी बरीच मुलं शाळेच्या वयात त्यातून बाहेर पडतात.

याच्या जोडीला एक चौथी ओळ लिहा: मुलाला अंगावर खाजरा इसब आहे का, सर्दी नसताना सकाळी शिंकांची माळ लागते का, आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला दमा आहे का. ही गोष्ट एकटी काही सिद्ध करत नाही, पण वहीचा कल ठरलेला असेल तर तो पक्का करते.

### एक वही उलगडून

साडेचार वर्षांच्या एका मुलीची वही सांगतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आईची तक्रार: "महिन्याला सर्दी, छाती भरते, कोर्स दिला की पंधरा दिवस बरी, मग पुन्हा." वर्षात अँटिबायोटिकचे पाच कोर्स झाले होते. तपासणीच्या दिवशी छाती अगदी स्वच्छ.

वहीतल्या ५६ दिवसांत सर्द्या दोनच निघाल्या. महिन्याला एक, म्हणजे आईचं म्हणणं खरं होतं आणि या वयात ते वावगंही नव्हतं. पहिली सर्दी नवव्या दिवशी सुरू झाली. ताप दोन दिवस, नाक पंधराव्या दिवशी कोरडं. पण खोकला गेला अठ्ठाविसाव्या दिवशी. म्हणजे नाक थांबल्यावर तेरा दिवस छाती चालूच. दुसरी सर्दी एकेचाळिसाव्या दिवशी आली आणि तिचा खोकला वही संपली तरी सुरू होता.

दोन्हींच्या मध्ये होते बारा दिवस, २९ ते ४०. आईने तोंडी सांगितलं होतं, "तेव्हा ठणठणीत होती." वहीत मात्र त्या बारा दिवसांत तीन पहाटे खोकून जाग होती, साडेतीन-चारच्या सुमारास. चार संध्याकाळी धावल्यावर खोकला, आणि एका दिवशी फक्त "गुदगुल्या केल्या, हसली, खूप खोकली" एवढंच. नाक सगळे दिवस कोरडं. चित्रफितीत पोट खाली जाताना स्पष्ट शिट्टी. आईला लहानपणी इसब होता.

आईने ते "हसली, खूप खोकली" सहज म्हणून लिहिलं होतं. त्या ओळीवर मी बोट ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, ही तर नेहमीच हसली की खोकते, आम्हाला वाटलं ती तशीच आहे." असे नेहमीचे झालेले खोकले तोंडी विचारून निघत नाहीत.

तुलनेला अडीच वर्षांचा एक मुलगा. त्याला वर्षात चार वेळा शिट्टी वाजली होती, आवाज मोठा, घरचे घाबरलेले. वहीत एक सर्दी आली, शिट्टी चार दिवस, खोकला नऊ दिवस. पुढचे २८ दिवस कोरे. धावणं, हसणं, झोप, कशातही खोकला नाही. आवाज त्याचा मोठा, पण वही मुलीची चिंतेची.

## टप्पा ५: दोन्हींत न बसणारी चिन्हं वेगळी काढा

वही वाचताना एखादं चिन्ह असं दिसतं की ते दमाही नव्हे आणि साधी सर्दीही नव्हे. ती चिन्हं दम्याच्या पंपामागे दडून राहिली तर नुकसान मोठं होतं.

खोकला चार आठवड्यांहून जास्त रोज ओला आहे, सकाळी जास्त कफ सुटतो, मध्ये एकही कोरडा दिवस नाही, तर श्वासनळ्यांतला चिवट जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे अँटिबायोटिकचा खरोखर उपयोग होतो, तोही नेहमीच्या पाच दिवसांपेक्षा लांब. पंपाने तो जाणार नाही.

खेळता खेळता किंवा खाताना एकदम ठसका लागला, मूल घुसमटलं, आणि त्या दिवसापासून खोकला आहे किंवा एकाच बाजूला आवाज आहे, तर श्वासनळीत काही अडकलंय का हे पाहावंच लागतं. तो प्रसंग महिनाभरापूर्वीचा असला तरी सांगा. पालक विसरलेले असतात, किंवा "निघालं असेल" म्हणून सोडून देतात.

वजन वाढत नाही, भूक गेली, ताप रेंगाळतोय, घरात किंवा जवळच्या कुणाला क्षयरोग आहे, तर त्या तपासण्या आधी. लांब उबळ, शेवटी श्वास घेताना हुप्प आवाज किंवा उलटी, तर डांग्या खोकला. जन्मापासूनच आवाज आहे, दूध पिताना दर वेळी ठसकतं, बोटांची टोकं फुगीर झाली आहेत, यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडेच जा.

## टप्पा ६: डॉक्टरांकडे जाताना

सोबत वही, दोन चित्रफिती, आणि वर्षभरातल्या औषधांची यादी न्या. यादीत तोंडाने दिलेल्या स्टिरॉइडचे कोर्स किती झाले ते वेगळं लिहा.

शक्य असेल तर एकदा शिट्टी वाजत असतानाच दाखवा. डॉक्टर छाती ऐकतात, आराम देणाऱ्या औषधाचे फवारे देतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ऐकतात. आवाज मोकळा झाला तर ती मोलाची नोंद. म्हणून मूल ठीकठाक असेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर निघण्याआधी पंप देऊन छाती मोकळी करून नेऊ नका. पण मूल धापत असेल तर औषध आधी, निदान नंतर. यात दुमत नको.

तपासण्यांच्या मर्यादा थोडक्यात. छातीचा एक्स-रे दम्यात बहुधा साधाच दिसतो, तो दुसरे आजार वगळायला काढतात. फुंकर मारायची फुप्फुसांची चाचणी साधारण पाच-सहा वर्षांपुढेच नीट जमते, आणि मूल बरं असलेल्या दिवशी ती चांगली आली म्हणून दमा नाही असं ठरत नाही. ॲलर्जीची चाचणी ॲलर्जी सांगते, दमा सांगत नाही. पाच वर्षांखाली निदानाचं सगळ्यांत भक्कम साधन आजही तुमची वही आणि पुढचा टप्पा हेच आहे.

## टप्पा ७: औषध देऊन बघणं, आणि थांबवून बघणं

वही दम्याकडे झुकली तर डॉक्टर बहुधा कमी मात्रेतल्या, ओढून घ्यायच्या स्टिरॉइडचा प्रतिबंधक पंप दोन ते तीन महिन्यांसाठी देतात. सोबत गरजेपुरता आराम देणारा पंप. दोन पंपांची कामं वेगळी आहेत. आराम देणारा वीस मिनिटांत नळ्या सैल करतो, प्रतिबंधक आतली सूज उतरवतो आणि त्याला आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून प्रतिबंधक बंद करणं ही सर्वाधिक दिसणारी चूक. दुसरी चूक म्हणजे घरातल्या माणसांनी दोन पंपांची अदलाबदल करणं. दोन्हींवर मोठ्या अक्षरात 'रोजचा' आणि 'धापेचा' अशी चिठ्ठी चिकटवा.

औषध छातीत पोचलं नाही तर ही सगळी परीक्षा खोटी ठरते. म्हणून हा क्रम पाळा:

1. मूल ताठ बसलेलं. रडत असेल तर आधी शांत करा, रडताना औषध घशातच अडकतं.
2. पंप जोरात हलवा, स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधल्या पोकळ नळकांड्याला, लावा. चार वर्षांपर्यंत मास्क, पुढे तोंडात धरायची नळी जमली तर ती.
3. मास्क नाक-तोंडावर घट्ट. बोटभर फट राहिली तरी औषध बाहेर जातं.
4. एकच फवारा. मग पाच-सहा साधे श्वास. झडप हलते का बघा, हलली तरच श्वास मोजा.
5. दुसरा फवारा असेल तर अर्धं मिनिट थांबून, पुन्हा हलवून. दोन फवारे एकत्र मारले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटतं.
6. प्रतिबंधक पंपानंतर चूळ भरायला लावा किंवा पाणी पाजा, मास्कखालची कातडी पुसा.

स्पेसर नवा असेल तर वापरण्याआधी आणि नंतर महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत सुकू द्या. फडक्याने पुसलात की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि ती औषध ओढून धरते.

> तपासा: पंपावर आकडा दिसत नसेल तर फवारे मोजा. २०० फवाऱ्यांचा पंप, रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन, म्हणजे ५० दिवसांत संपला. त्यानंतरही फुस्स आवाज येतो आणि फवारा निघतो, पण त्यात औषधाचा भरवसा नसतो.

या काळात वही चालूच ठेवा. त्या मुलीच्या वहीत पहिल्या दोन आठवड्यांत पाच रात्री जाग होती, शेवटच्या चार आठवड्यांत एक. मध्ये सर्दी आली, पण खोकला सहा दिवसांत आटोपला.

इथे बहुतेक घरं थांबतात: "औषधाने बरी झाली, म्हणजे दमा." तेवढ्यावर ठरत नाही. सर्द्यांचा मोसम सरल्यामुळेही मूल त्याच काळात बरं होऊ शकतं. म्हणून लक्षणं आटोक्यात आल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून प्रतिबंधक पंप बंद करून पुढचे चार ते सहा आठवडे वही लिहायची. तारीख डॉक्टर ठरवतील. प्रवास किंवा शाळेचे पहिले दिवस तोंडावर असताना ती ठरवू नये, आणि आराम देणारा पंप या काळात हाताशी हवाच.

मुलीच्या बाबतीत बंद केल्यावर दोन आठवडे कोरे गेले. आई खूश होती. तिसऱ्या आठवड्यात, नाक कोरडं असताना, पहाटे चार वाजताची नोंद परत आली. दोन दिवसांनी धावल्यावरची. औषध सुरू केल्यावर पुन्हा थांबली. आता त्याला दमा म्हणायला हरकत नव्हती, आणि पुढच्या सर्दीला अँटिबायोटिक लागलं नाही. अडीच वर्षांच्या मुलाला रोजचा पंप दिलाच नाही. त्याला सर्दीत शिट्टी वाजली तर वापरायचा आराम देणारा पंप, धोक्याच्या खुणांचा कागद, आणि सहा महिन्यांनी पुन्हा चार आठवड्यांची वही, एवढंच ठरलं.

औषध नीट पोचत असूनही तीन महिन्यांत वही बदलली नाही, तर मात्रा वाढवत नेऊ नका. आधी स्पेसरची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवा, मग टप्पा ५ पुन्हा वाचा आणि निदानच तपासून घ्या.